‘लाभार्थी’ म्हणजे नेमकं कोण? जाहीर आकडा आणि खात्यात आलेले पैसे यांतला फरक बातमीत कसा मांडायचा

प्रश्न: मी मुंबईत एका मराठी दैनिकात काम करते. लाडकी बहीण योजनेचा सरकारी आकडा एक सांगतात आणि वस्तीत गेलं की ‘आम्हाला आलेच नाहीत’ असं ऐकू येतं. ‘जाहीर इतक्या, पैसे मिळाले इतक्यांनाच’ अशी बातमी करायची आहे, पण संपादक म्हणतात आधी पुरावा आणा. सुरुवात कुठून करू? आणि दोन आकड्यांत फरक सापडला म्हणजे घोटाळा सापडला, असं धरायचं का?

उत्तर:

नाही, तसं धरायचं नाही. फरक तर जवळजवळ प्रत्येक योजनेत सापडतो. तो कुठल्या टप्प्यावर पडला हे सांगता आलं तर बातमी होते. नाही सांगता आलं तर दुसऱ्या दिवशी खात्याचा खुलासा येतो आणि संपादक पुढच्या वेळी तुमच्या कॉपीवर शंका घेतात.

वस्तीत जाण्याआधी एक दिवस कागदावर घालवा. ‘लाभार्थी’ हा एकच शब्द मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी कार्यालय आणि बँक आपापल्या सोयीने वापरतात. अर्ज केलेली बाई लाभार्थी, अर्ज मंजूर झालेली लाभार्थी, जिचं नाव पैसे पाठवायच्या यादीत गेलं ती लाभार्थी, आणि जिच्या खात्यात रक्कम पडली तीही लाभार्थीच. शिवाय एकदा हप्ता मिळून पुढे बंद झालेली बाई एकूण आकड्यात राहतेच. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तुमच्या वहीत दोन गोष्टी हव्यात: हा कुठल्या टप्प्यावरचा, आणि कुठल्या महिन्याचा. भाषणातून उचललेल्या आकड्याला यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं.

आता पैशाकडून उलटं मोजून बघा. माणसं मोजण्यात मखलाशी करता येते, पण कोषागारातून गेलेल्या पैशाला भागाकार लावला की बरंच काही उघडं पडतं. लाडकी बहीण त्यासाठी सोपी योजना आहे, कारण रक्कम ठरलेली: महिना 1500, वर्षाला 18,000. 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46,000 कोटी लागतील असं सांगितलं होतं. 46,000 कोटींना 18,000 ने भागलं की साधारण 2 कोटी 55 लाख येतात. म्हणजे सुरुवातीपासून सरकारच्या डोक्यात अडीच कोटींच्या वरचा आकडा होता.

मग 10 मार्च 2025 चं अर्थसंकल्पी भाषण घ्या. त्यात जुलै 2024 पासून सुमारे 2 कोटी 53 लाख महिलांना लाभ आणि 33,232 कोटी खर्च असं आलं. महिने किती धरायचे? फेब्रुवारीपर्यंतचे आठ धरले तर एका बाईला 12,000 होतात आणि भागाकार 2 कोटी 77 लाखांच्या आसपास जातो. हा आकडा खुद्द सरकारच्या दाव्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा आठ महिने धरणं चुकीचं. मार्चसकट नऊ महिने धरले तर एका बाईला 13,500 होतात आणि सरासरी येते 2 कोटी 46 लाख. भाषणातला आकडा आणि सरासरी यांत सात लाखांचा फरक.

इथे घाईची बातमी होते: ‘सात लाख बहिणी गायब’. करू नका. पहिल्या महिन्यांत अर्ज येतच होते, त्यामुळे सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त बायकांना पैसे गेले असणार, म्हणजे सरासरी शेवटच्या आकड्यापेक्षा खाली यायलाच हवी. उलट काही बायका मध्येच बंदही झाल्या. अंगणवाडी सेविकांना प्रत्येक पात्र अर्जामागे 50 रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला होता. असा किरकोळ खर्च या 33,232 कोटींत धरला आहे की नाही, हेही विचारावं लागतं. या भागाकारातून चोरी सिद्ध होत नाही. 2 कोटी 53 लाखांपैकी प्रत्येकीला नऊच्या नऊ हप्ते मिळालेले नाहीत, एवढंच सिद्ध होतं. तेवढंच लिहायचं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

पुढच्या वर्षाचा हिशेब जास्त बोलका आहे. 2025-26 साठी तरतूद झाली 36,000 कोटींची. 18,000 ने भागा: बरोबर दोन कोटी. पण जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की 26 लाख 34 हजार जणांचा लाभ जूनपासून स्थगित केला आहे आणि सुमारे 2 कोटी 25 लाख पात्र महिलांना जूनचा हप्ता दिला आहे. एवढ्या महिलांना वर्षभर पूर्ण रक्कम द्यायची तर 40,500 कोटी लागतात. शेतकरी सन्मान निधीचे पैसे घेणाऱ्या महिलांना या योजनेतून फक्त फरकाचे 500 मिळतात हे खरं. त्यांची सरकारने सांगितलेली संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यांच्यामुळे वर्षाला हजार कोटींहून थोडे कमीच वाचतात. उरलेले साडेतीन हजार कोटी कुठून येणार? एक तर पुरवणी मागण्यांतून, एक तर दुसऱ्या खात्यांच्या तरतुदीतून, नाहीतर यादी आणखी छाटून. हे तीन पर्याय घेऊन मंत्रालयात गेलात तर अधिकाऱ्याला ‘आकडेवारी तपासून सांगतो’ म्हणून तुम्हाला वाटेला लावता येत नाही.

दुसऱ्या खात्यांचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नवे लोक इथे हमखास अडखळतात. एका महिन्याचा हप्ता एकाच शासन निर्णयातून निघत नाही. सर्वसाधारण घटकाचा निधी महिला व बालविकास विभाग देतो, अनुसूचित जातींच्या घटकाचा निधी सामाजिक न्याय विभागाकडून वळतो, आदिवासी घटकाचा आदिवासी विकास विभागाकडून. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी या योजनेला वळवले तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती, ती यातूनच. gr.maharashtra.gov.in वरून फक्त महिला व बालविकासचे आदेश काढून बेरीज केलीत तर रक्कम कमी भरेल आणि तुम्हाला वाटेल पैसेच गेले नाहीत. तिन्ही खात्यांचे आदेश काढा, प्रत्येकाचं लेखाशीर्ष लिहून घ्या (2235 ने सुरू होणारं शीर्ष म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण) आणि मगच बेरीज करा.

तरीही आदेशात ‘निधी वितरित करण्यास मान्यता’ असं लिहिलेलं असतं. मान्यता म्हणजे खर्च नव्हे. प्रत्यक्ष किती काढले ते बघायला राज्याची अर्थसंकल्प वितरण प्रणाली आहे, beams.mahakosh.gov.in. तिथे तरतूद, वितरित आणि खर्च असे वेगळे आकडे दिसतात. पण कोषागाराच्या दृष्टीने खर्च म्हणजे देयक पारित झालं. ती रक्कम पुढे विभागाच्या बँक खात्यात किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात उघडलेल्या खात्यात, पडून असली तरी ती खर्चच धरली जाते. एका योजनेत ‘शंभर टक्के खर्च’ असं छापलेलं पत्रक मला देणारा अधिकारी त्याच बैठकीत सांगत होता की बँकेची फाईल अजून जायची आहे. त्याला यात काही विसंगत वाटत नव्हतं, आणि त्याच्या नियमाने नव्हतंही.

आता बँकेकडे. मुंबईतल्या वस्त्यांतून जो आवाज येतो, त्याचं मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा याच टप्प्यावर असतं. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातात असं बायकांना वाटतं, अनेक पत्रकारांनाही वाटतं. पैसे आधार क्रमांकावर जातात. राष्ट्रीय भरणा महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, यांच्याकडे एक तक्ता असतो: कुठल्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे. एका आधारसमोर एकच बँक, आणि ती सर्वात शेवटी जिथे जोडणी झाली ती. सरकार फाईल पाठवतं, तक्ता बघून रक्कम त्या बँकेकडे जाते, आणि ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकते. अर्जावरचं पासबुक कुठलंही असो.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ असं सांगतात तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ केवायसीसाठी आधार घेतलेलं आहे एवढाच असतो. एनपीसीआयच्या तक्त्यात नाव चढवणं हे वेगळं काम, त्यासाठी खातेदाराचा संमतीचा फॉर्म लागतो. काउंटरवर याला ‘डीबीटी चालू करणं’ किंवा नुसतं ‘एनपीसीआय करून घ्या’ म्हणतात. तुम्हीही तोच शब्द वापरा, लगेच कळतं.

एक उदाहरण देतो, म्हणजे क्रम लक्षात येईल. गोवंडीतली घरकाम करणारी बाई. अर्ज मंजूर, मंजुरीचा मेसेज मोबाईलवर, पण तिच्या मुंबईच्या बँकेतल्या पासबुकात एकही नोंद नाही. शेजारणीला तीन हजार आले. वस्तीतल्या कार्यकर्त्याने सांगितलं ‘वरून अडवलंय’. तिच्याच मोबाईलवर, तिच्याच हाताने, आधारच्या संकेतस्थळावर (myaadhaar.uidai.gov.in) जाऊन Bank Seeding Status बघितलं. ओटीपी आला, आणि बँकेचं नाव निघालं दुसरंच: गावाकडे जनधनच्या काळात उघडलेलं खातं. दोन हप्ते तिथे जमा होऊन पडले होते. म्हणजे सरकार म्हणत होतं ‘दिले’, ती म्हणत होती ‘मिळाले नाहीत’, आणि दोघंही खरं बोलत होते. ते खातं बरीच वर्षं न वापरल्यामुळे निष्क्रिय झालं असतं तर रक्कम परतही गेली असती. तेव्हा सरकारी यादीत तिच्यापुढे ‘मंजूर’ राहिलं असतं आणि पैसे मात्र कुठल्याच खात्यात नसते.

हीच गत सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांची. 2017 मध्ये गॅसचं अनुदान अशा खात्यांत वळल्याचं उघड झालं होतं आणि आधार प्राधिकरणाने कारवाईही केली होती. वस्तीत कुणी ‘आले नाहीत’ म्हटलं तर पासबुकाच्या आधी हे बघा. जोडलेली बँक, त्या बँकेतलं खातं चालू आहे का, आणि त्या खात्याची नोंद. या तीन गोष्टी बघितल्याशिवाय ‘पैसे मिळाले नाहीत’ हे वाक्य अवतरणात ठेवा, तुमच्या शब्दांत लिहू नका.

याच्याही पुढचा एक टप्पा आहे: खात्यात पडले पण हातात आले नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये पहिले दोन हप्ते एकदम आले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड किंवा थकलेलं कर्ज त्यातून वळतं केलं. तक्रारी वाढल्यावर सरकारला बँकांना तसं करू नका म्हणून सांगावं लागलं. हे पासबुकात स्पष्ट दिसतं, जमा आणि वजावट एकाखाली एक. सरकारच्या हिशेबात मात्र ही बाई शंभर टक्के यशस्वी व्यवहार असते.

वस्तीतली पाहणी कशी करायची, तर कार्यकर्त्याने जमवून दिलेल्या बायकांवर करायची नाही. तो ज्यांना आले नाहीत त्यांनाच बोलावतो. सत्ताधाऱ्यांचा असेल तर उलट. अंगणवाडी सेविकेच्या यादीचाही भरवसा नको. तिने भरलेले अर्जच त्यात असतात, सायबर कॅफेतून किंवा पक्षाच्या शाखेत बसून भरलेले नसतात. दोन-तीन गल्ल्या आधी ठरवा, एका टोकाकडून सुरू करा आणि दर पाचवं घर घ्या. बंद असेल तर संध्याकाळी परत जा, कारण कामावर जाणाऱ्या बायका दुपारी सापडत नाहीत आणि त्यांना वगळलं की निकालच बदलतो. प्रत्येकीला तेच प्रश्न: अर्ज केला का, कुठे, मंजुरीचा मेसेज आहे का, कुठल्या महिन्यांचे आले, पासबुकाची नोंद दाखवता का. जिने अर्जच केला नाही तिलाही मोजा. पात्र असून अर्ज न केलेली बाई कुठल्याच सरकारी आकड्यात नसते, ती फक्त दारावर गेल्यावर सापडते. आधार आणि खाते क्रमांकाचे फोटो काढू नका. तारीख, रक्कम आणि नोंदीचा मजकूर वहीत उतरवला तरी पुरतो.

अशा पाहणीतून ‘मुंबईत इतके टक्के वंचित’ असं निघत नाही. ‘या तीन गल्ल्यांत भेटलेल्या इतक्या मंजूर अर्जदारांपैकी इतकींच्या खात्यात नोंद नव्हती, आणि त्यांपैकी इतकींचं आधार दुसऱ्या बँकेला जोडलेलं होतं’ हे निघतं. डेस्कवर मथळा देणाऱ्याला हे आधीच बजावून ठेवा. माझ्या कॉपीतली ‘तीन गल्ल्या’ मथळ्यात ‘मुंबई’ झाल्याचं मी बघितलंय.

मोठा आकडा हवा असेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘लाडकी बहीण योजनेची सर्व माहिती द्या’ असं लिहून तो फुकट घालवू नका. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, दोन वेगळे अर्ज करा. एकाच महिन्याच्या हप्त्याबद्दल चार गोष्टी मागा: मंजूर अर्जांची संख्या, भरणा फाईलमध्ये पाठवलेल्या नोंदींची संख्या, यशस्वी झालेल्या व्यवहारांची संख्या, आणि अयशस्वी व्यवहारांची कारणनिहाय संख्या, परत आलेल्या रकमेसह. हा कारणनिहाय तक्ता प्रणालीत तयार असतो. आधार जोडलेलं नाही, खातं बंद, खातं गोठवलेलं अशी कारणं बँकेकडूनच येतात. जिल्ह्याकडून ‘ही माहिती विभागाच्या आयुक्तालयात उपलब्ध आहे’ असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. कायद्याने त्यांनी अर्ज पुढे पाठवायला हवा. नुसतं उत्तर देऊन बसले तर ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रथम अपील टाका.

याच्या जोडीला विधिमंडळातली तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं काढा. ‘हे खरे आहे काय’ याला ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर असेल तर कुठला अंश खरा ते खालच्या परिच्छेदात सापडतं. भाषणात न येणारा जिल्हानिहाय आकडा मला अनेकदा अशाच उत्तरांतून मिळालाय.

फरकाची दुसरी बाजूही तेवढ्याच काटेकोरपणे लिहा. जाहीर आकडा खाली आला की आपण ‘वगळलं’ म्हणतो, पण त्या आकड्यात मिळायला नको होते असेही असतात. याच योजनेत 14,298 पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचं 2025 च्या छाननीत पुढे आलं. त्याच वेळी 26 लाख 34 हजारांबद्दल शब्द ‘स्थगित’ होता, ‘अपात्र’ नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी करून पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू करू असं सांगितलं होतं. बऱ्याच ठिकाणी थेट ‘26 लाख अपात्र’ छापून आलं. खरी विचारायची गोष्ट वेगळी होती: पडताळणीत किती जणी पात्र निघाल्या, आणि मधल्या महिन्यांचे थांबलेले हप्ते त्यांना मिळाले का? तुमच्या दोन जिल्ह्यांपुरतं हे विचारलंत तरी स्वतंत्र बातमी आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं, मुदत नंतर 31 डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा आणि एकट्या बायकांची अडचण लगेच दिसली, कारण पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला जात होता. त्यामुळे आता तुमच्या प्रश्नावलीत एक रकाना वाढवा, आणि पाहणीत भेटलेल्या त्याच बायकांकडे पुढच्या हप्त्यानंतर परत जा. एका महिन्याचं चित्र खात्याला ‘तांत्रिक अडचण’ म्हणून झटकता येतं. त्याच बाईच्या पासबुकात तिसऱ्या महिन्यालाही नोंद नसेल आणि बँकेची जोडणी बरोबर असेल, तर तो कागद घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जा आणि तिच्या अर्जाची स्थिती तुमच्या समोर उघडायला सांगा. ती स्वतः बरोबर असली पाहिजे, नाहीतर गोपनीयतेचं कारण सांगून ते नकार देतील, आणि तो नकार योग्यच असेल.